नफ्यातली कंपनी नवी लाइन कशातून उभारेल? पेकिंग ऑर्डर आणि ट्रेड-ऑफ

मृण्मयी_द

असाइनमेंटमध्ये एक काल्पनिक कंपनी दिली आहे. चाकणची, शेअर बाजारात नोंदलेली, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. आकडे असे: एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, २६० कोटी, घसारा ६० कोटी, जुनं कर्ज १०० कोटी, व्याजदर ९ टक्के. व्याज आणि कर भरून निव्वळ नफा साधारण १४३ कोटी. त्यात घसारा मिळवला की रोख नफा २०३. त्यातले २३ खेळत्या भांडवलात अडकतात, ४० जुनी मशिनं बदलण्यात जातात, ३० लाभांश. हातात उरतात ११०. शिवाय लिक्विड फंडात ८० कोटी आहेत, पण त्यातले ३० रोजच्या व्यवहारासाठी ठेवावेच लागतात. कंपनीचं बाजारमूल्य २,१०० कोटींच्या आसपास.

आता २६० कोटींची ॲल्युमिनियम कास्टिंगची नवी लाइन टाकायची आहे, एकाच वर्षात. पैसा कुठून येईल, ते दोन्ही सिद्धांतांनी सांगायचं आहे. पेकिंग ऑर्डर म्हणते, कंपनी आधी घरचा पैसा वापरते, मग कर्ज, शेअर विक्री शेवटी. ट्रेड-ऑफ म्हणतो, कर्जाने वाचणारा कर आणि बुडण्याची जोखीम तोलून कंपनी कर्जाची पातळी ठरवते.

पेकिंग ऑर्डरचं उत्तर मला जमलं: आधी घरचे ११० अधिक ५० म्हणजे १६०, उरलेले १०० कर्ज, शेअर विक्री शून्य. ट्रेड-ऑफचा मात्र आकडाच निघत नाही. आणि वर्गात सांगितलं की प्रत्यक्षात जास्त नफ्याच्या कंपन्यांवर कर्ज कमी असतं, म्हणून ट्रेड-ऑफ चूक ठरतो. विषय इथेच संपतो का?

किरण_सांगली

सोपं आहे. स्वस्त पैसा आधी, महाग नंतर. राखीव नफा फुकट, कर्ज ९ टक्के, करवजावट धरली तर पावणेसात, आणि शेअर १४ टक्के. म्हणून क्रम राखीव नफा, कर्ज, शेअर. पेकिंग ऑर्डर म्हणजे एवढंच. तुझं १६० अधिक १०० बरोबर आहे.

जुनाताळेबंद

किरण, क्रम बरोबर सांगितलास, कारण चुकलं. राखीव नफा फुकट नाही. तो भागधारकांचाच पैसा आहे, त्यावरही त्यांना तेच १४ टक्के हवेत. निव्वळ दराने क्रम लावायचा तर कर्ज पहिलं यायला हवं आणि राखीव नफा नव्या शेअरच्या बरोबरीने शेवटी. पेकिंग ऑर्डरमध्ये तो पहिला येतो, म्हणजे कारण दर नाही, दुसरं काहीतरी आहे.

ते कारण मायर्स आणि मज्लुफ यांनी १९८४ मध्ये मांडलं. व्यवस्थापनाला कंपनीची खरी किंमत माहीत असते, बाजाराला नसते. मृण्मयीच्या कंपनीवरच बसवून बघू. समजा आज हातात असलेल्या धंद्याची खरी किंमत २,४०० कोटी असू शकते किंवा १,८००. बाजाराला कुठली ते कळत नाही, म्हणून तो सरासरी २,१०० धरतो. कंपनी १०० कोटींचे शेअर नव्या लोकांना विकते आणि प्रकल्पातून त्या १०० च्या वर १० कोटींचं निव्वळ मूल्य तयार होतं.

बाजाराच्या हिशेबाने एकूण किंमत २,१०० अधिक १०० अधिक १०, म्हणजे २,२१०. नव्या भागधारकांना मिळतो १०० भागिले २,२१०, म्हणजे ४.५२ टक्के हिस्सा. आता कंपनी खरोखर २,४०० ची असेल तर एकूण किंमत २,५१० होते आणि जुन्यांच्या वाट्याला त्यातले २,३९६ येतात. प्रकल्प न करता बसले असते तर २,४०० होते. प्रकल्प फायद्याचा असूनही जुने भागधारक साडेतीन कोटींनी गरीब झाले. म्हणून चांगली कंपनी शेअर विकत नाही. विकते ती १,८०० वाली. मग शेअर विकायला काढले एवढ्यावरूनच बाजार ओळखतो की ही १,८०० वाली, आणि भाव पडतो.

तेच १०० कर्जाने आणले तर सावकाराला दोन्ही स्थितींत त्याचे १०० आणि व्याज मिळतं, वरचे १० पूर्ण जुन्यांचे. आणि पैसा घरचाच असेल तर बाजाराला काही विकायचंच नाही, कुणाला काही पटवायचं नाही. म्हणून तो पहिला.

जाता जाता: वरच्या उदाहरणात प्रकल्पाचं मूल्य १० ऐवजी साधारण साडेतेरा कोटींच्या वर असतं, तर २,४०० वाल्या कंपनीनेही शेअर विकले असते. ३० कोटी असतं तर जुन्यांच्या वाट्याला २,४१६ आले असते. म्हणजे ‘शेअर कधीच नाही’ असं हा सिद्धांत म्हणत नाही. माहितीतली तफावत मोठी आणि प्रकल्पाचा फायदा लहान, अशा वेळीच तो चावतो.

किरण_सांगली

मान्य. पण मग एक सांगा, ३० कोटी लाभांश का वाटायचा? तो थांबवला तर कर्ज १०० ऐवजी ७० लागेल. पेकिंग ऑर्डर खरी असेल तर कंपनीने आधी लाभांश बंद करायला हवा.

जुनाताळेबंद

नेमका दुखरा मुद्दा. मायर्सनं लाभांश ‘चिकट’ धरला आहे, म्हणजे तो थोड्या काळात हलत नाही असं गृहीतच. तो का चिकट आहे ते सिद्धांत सांगत नाही. लाभांश कापला की बाजार त्यातून वाईट बातमी वाचतो हे खरं, पण ते बाहेरून आणलेलं ठिगळ आहे. असाइनमेंटमध्ये ‘लाभांश दिलेला धरला आहे’ असं स्पष्ट लिहावं.

वर्कशॉप_भोसरी

माझं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड. दोन मशिनं घ्यायची आहेत, ८० लाखांची. धंदा नफ्यात आहे. तर तुमच्या या सिद्धांतानुसार मी कर्ज घ्यावं की स्वतःचे घालावेत? सीए म्हणतो कर्ज घ्या, कर वाचेल.

शाखा_क्रमांक_७

दादा, इथे चर्चा ‘कंपनी काय करेल’ याची चालली आहे, ‘काय करावं’ याची नाही. तरी सांगते. तुमच्या बाबतीत मिश्रण बऱ्यापैकी बँकच ठरवते. मशिनसाठी मुदत कर्ज देताना साधारण २५ टक्के मार्जिन तुमच्याकडून मागतील, म्हणजे ८० लाखांत २० तुमचे. ते तुम्ही भागभांडवल म्हणून घातले किंवा संचालकाचं विनातारण कर्ज म्हणून घातले तरी बँक ते मालकाचेच पैसे समजते, फक्त आमचं कर्ज फिटेपर्यंत काढून घेणार नाही असं लिहून घेते. आणि तुमची वैयक्तिक हमी असणार, तेव्हा ‘कंपनी बुडाली तरी घर सुरक्षित’ हे तुम्हाला लागू नाही. सीए करवजावटीचं सांगतो ते खरं, पण हमीची किंमत त्याच्या हिशेबात नाही.

मृण्मयी, हा मार्जिनचा मुद्दा तुझ्याही कंपनीला लागतो. ट्रेड-ऑफवाला म्हणेल ‘सगळे २६० कर्जाने घ्या’, पण त्या प्रकल्पावर मुदत कर्ज १९५ च्या आसपासच मिळेल. वरचे हवे असतील तर जुनी मालमत्ता तारण ठेवून किंवा रोखे काढून.

वर्कशॉप_भोसरी

समजलं. हमीचं कुणी असं फोडून सांगितलं नव्हतं. वाचतोय.

अपर्णा_टोरांटो

ट्रेड-ऑफची बाजू कुणी नीट मांडत नाहीये, म्हणून लिहिते. मृण्मयी, तुझा आकडा निघत नाही कारण तू तो प्रकल्पातून काढायला बघते आहेस. ट्रेड-ऑफमध्ये प्रश्न असा नसतो की ‘या २६० चे काय करू’. प्रश्न असा असतो की ‘या कंपनीवर एकूण किती कर्ज असावं’. प्रकल्प फक्त निमित्त. कर्जाची पातळी ठरली की उरलेला हिशेब आपोआप पडतो.

समजा या धंद्यात एबिटडाच्या दुप्पट कर्ज योग्य आहे असं कंपनीचं मत आहे. म्हणजे ५२० कोटी. आज १०० आहेत, तर ४२० नवे घ्यायला जागा आहे. ट्रेड-ऑफचं भाकीत: लाइनचे २६० कर्जाने, शिवाय आणखी १६० कर्ज, आणि घरचे १६० अधिक हे १६० असे ३२० कोटी भागधारकांना परत, बायबॅकने किंवा लाभांशाने. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. पेकिंग ऑर्डरमध्ये कर्ज २०० वर थांबतं, इथे ५२० वर. दोन्ही सिद्धांतांत हा ३२० कोटींचा फरक आहे, आणि तो प्रकल्पाच्या खात्यात दिसत नाही, भागधारकांना किती गेले त्यात दिसतो.

आता कर. सवलतीच्या व्यवस्थेत कंपनीचा दर २५.१७ टक्के. एक कोटी कर्जाचं व्याज वर्षाला ९ लाख, त्यावर कर वाचतो २.२७ लाख. ३२० कोटींवर वर्षाला सव्वासात कोटी. कर्ज कायम राहील असं धरलं तर आजची किंमत ८० कोटी, म्हणजे बाजारमूल्याच्या चार टक्क्यांच्या आत. किरकोळ नाही, पण डोळे दिपावेत असंही नाही.

दुसऱ्या बाजूला जोखीम. गाड्यांच्या धंद्यात मंदी येते. एबिटडा ४० टक्क्यांनी पडला तर २६० चे १५६ होतात. ५२० कोटी सात वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे तर मुद्दल ७४ आणि पहिल्या वर्षाचं व्याज ४७, एकूण १२१. जुन्या मशिनांचे ४० वजा केले की १५६ चे ११६ उरतात, त्यातून करही जायचा आहे. हप्ता बसत नाही. नव्या लाइनचं उत्पन्न यात धरलेलं नाही, पण मंदीत नवी लाइनही अर्धीच चालते. २०० कर्ज असतं तर पहिल्या वर्षी ४७ कोटींत भागलं असतं. म्हणजे माझंच ‘दुप्पट’ हे लक्ष्य या धंद्याला बहुधा जास्त आहे. दीडपट धरा, ३९० कोटी. तरी पेकिंग ऑर्डरच्या २०० पेक्षा ते जवळजवळ दुप्पट.

शाखा_क्रमांक_७

बुडण्याच्या किमतीत एक भारतीय गोष्ट घाला. दिवाळखोरी संहिता २०१६ ची. २०१७ मध्ये त्यात कलम २९अ आलं, त्यामुळे थकबाकीदार प्रवर्तकाला साधारणपणे स्वतःच्याच कंपनीसाठी बोली लावता येत नाही. पूर्वी मालक कर्ज बुडवूनही कंपनी हातात ठेवायचे. आता कंपनी गेली की गेली. प्रवर्तकाच्या दृष्टीने कर्जाची ही फार मोठी किंमत आहे, आणि ती कंपनीच्या पातळीवरच्या कुठल्याच गणितात दिसत नाही. लक्ष्य ठरवणारा तोच असतो.

जुनाताळेबंद

अपर्णाताईंच्या ८० कोटींवर माझा आक्षेप आहे. कंपनीचा कर मोजला, गुंतवणूकदाराचा नाही मोजला. मिलरनं १९७७ मध्येच हे दाखवलं होतं. सूत्र एवढंच:

```
G = 1 - (1 - Tc)(1 - Te) / (1 - Tp)
```

Tc कंपनीचा कर, Te भागधारकाचा, Tp व्याज मिळवणाऱ्याचा, आणि G म्हणजे एक रुपया कर्जामागे मिळणारा करलाभ. नफा कंपनीत ठेवला आणि भागधारकाने तो पुढे भांडवली नफा म्हणून घेतला, तर बाजारात नोंदलेल्या शेअरवर दीर्घ मुदतीचा दर १२.५ टक्के, अधिभार आणि उपकर धरून मोठ्या उत्पन्नाच्या माणसाला १४.९५. त्याच माणसाने कंपनीचे रोखे घेतले आणि त्याचं उत्पन्न एक ते दोन कोटींच्या दरम्यान असेल तर व्याजावर ३५.८८. सूत्रात घाला: ०.७४८३ गुणिले ०.८५०५, भागिले ०.६४१२. उत्तर ०.९९३. G उरतो अर्ध्या-पाऊण टक्क्याचा. ८० कोटींचे दोन-तीन कोटी झाले.

अपर्णा_टोरांटो

गणित बरोबर, माणूस चुकीचा निवडला. चाकणच्या कंपनीला कर्ज देणारा श्रीमंत करदाता नाहीच. देते बँक. रोखे घेतात विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. त्यातल्या कित्येकांवर व्याजाचा कर नाही किंवा फार कमी. Tp शून्य धरा, G येतो ०.३६. तुम्ही काढलेला अर्धा-पाऊण टक्का हे एक टोक, हे दुसरं. खरं मधे कुठेतरी. शिवाय पर्याय ‘नफा कंपनीत ठेवणं’ नसून ‘लाभांश वाटणं’ असेल तर Te सुद्धा ३५.८८ होतो, कारण २०२० पासून लाभांशावर कर भागधारकाच्याच हातात लागतो. मग दोन्हींकडचा वैयक्तिक कर कटतो आणि पूर्ण २५ टक्के लाभ परत येतो.

जुनाताळेबंद

ते मान्य. पण मग इतकं मान्य करा की कर्जाचा करलाभ हा एक आकडा नसून भागधारक कोण, सावकार कोण आणि नफा बाहेर कसा काढता यावर अवलंबून असलेला पट्टा आहे. त्या पट्ट्यातून ‘लक्ष्य ५२०’ किंवा ‘लक्ष्य ३९०’ असं नेमकं काढता येत नाही. ट्रेड-ऑफची अडचण हीच. लक्ष्य दिसत नाही, मग काहीही झालं तरी ‘लक्ष्य तेच होतं’ असं म्हणता येतं.

मृण्मयी_द

दोघांचेही आभार, बरंच उलगडलं. पण माझा दुसरा प्रश्न राहिला. जास्त नफा, कमी कर्ज हे प्रत्यक्षात दिसतं ना? मग ट्रेड-ऑफ गेला.

अपर्णा_टोरांटो

दिसतं. राजन (हो, आपले पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले) आणि झिंगालेस यांनी १९९५ मध्ये सात मोठ्या औद्योगिक देशांचे आकडे पाहिले, जर्मनी सोडून जवळजवळ सगळीकडे हाच उलटा संबंध आला. पण त्यातून ट्रेड-ऑफ मरत नाही. कसं ते बघ.

दोन कंपन्या, दोघींचं लक्ष्य बाजारमूल्यावर २० टक्के कर्ज. दोघींचं कर्ज ५००, भागभांडवलाचं बाजारमूल्य २,०००. दोघी लक्ष्यावर. एका वर्षात पहिलीचा नफा वाढला, शेअर चढला, मूल्य २,६०० झालं. कर्ज तेच ५००, प्रमाण आलं १६ टक्क्यांवर. दुसरीचा नफा घसरला, मूल्य १,५०० झालं, प्रमाण गेलं २५ वर. दोघींनी काहीही केलेलं नाही. कर्ज काढायला, बायबॅक करायला खर्च आणि वेळ लागतो, म्हणून थोड्या अंतरासाठी कुणी हलत नाही. आता बाहेरून बघणारा म्हणतो: नफेवाली १६, तोट्याकडे झुकलेली २५, म्हणजे नफा वाढला की कर्ज कमी. आणि दोघीही ट्रेड-ऑफच पाळत असतात!

स्ट्रेबुलायेव्हनं २००७ मध्ये हे मॉडेलने दाखवलं. पुढे २०१४ मध्ये डॅनिस, रेटल आणि व्हाइटेड यांनी फक्त असे क्षण निवडले, जेव्हा कंपनी मोठं कर्ज काढून पैसा भागधारकांना देते, म्हणजे जाणूनबुजून लक्ष्याकडे जाते. त्या क्षणी नफा आणि कर्ज यांचा संबंध सरळ निघाला. बाकीच्या काळात उलटा. म्हणून तुझ्या निबंधात ‘सरसकट संबंध उलटा, सबब ट्रेड-ऑफ चूक’ असं लिहू नकोस.

किरण_सांगली

पण हे बाजारमूल्यावरचं झालं. पुस्तकी मूल्यावर तर शेअर चढून काही होत नाही. तिथेही उलटा संबंध येतो ना?

अपर्णा_टोरांटो

येतो, आणि तो प्रश्न खरा आहे. राखून ठेवलेला नफा पुस्तकी भांडवलही वाढवतो, त्यामुळे काही भाग तसाच समजावता येतो. सगळा नाही. इथे पेकिंग ऑर्डरचं पारडं जड आहे, हे मी मान्य करते.

प्रोवेस_पीडित

जर कुणी हे भारतीय आकड्यांवर तपासणार असेल तर थोडं पाणी शिंपडतो. ठरलेली चाचणी श्यामसुंदर आणि मायर्स यांची, १९९९ ची. १५७ अमेरिकी कंपन्या, १९७१ ते ८९. कंपनीला बाहेरून जितका पैसा लागला, त्यातला किती कर्जाने आला ते बघायचं:

```
DEF  = DIV + CAPEX + dWC - CF
dD   = a + b*DEF + e
```

DEF म्हणजे तूट: लाभांश, यंत्रसामग्रीवरचा खर्च आणि खेळत्या भांडवलातली वाढ, वजा रोख नफा. dD म्हणजे कर्जातली वाढ, आणि b म्हणजे तुटीतला कर्जाने भरलेला वाटा. पेकिंग ऑर्डर पूर्ण खरी असेल तर b एक. त्यांना ०.७५ च्या आसपास मिळाला. आता मृण्मयीच्या कंपनीवर लावा. लाभांश ३०, यंत्रसामग्री ३००, खेळतं भांडवल २३, रोख नफा २०३. तूट १५०. कर्ज वाढलं १००. गुणोत्तर ०.६७. म्हणजे पेकिंग ऑर्डर तंतोतंत पाळणारी कंपनी चाचणीत दोन-तृतीयांशच पास!

कारण काय? उरलेले ५० लिक्विड फंडातून आले. ते dWC मध्ये धरले तर तूट १०० होते आणि गुणोत्तर बरोबर एक. एकच कंपनी, एकच वर्ष, दोन निकाल. त्यात भारतीय रोख प्रवाह पत्रकात लिक्विड फंडाची खरेदी-विक्री गुंतवणुकीच्या भागात जाते. ‘गुंतवणुकीतून गेलेला निव्वळ पैसा’ ही एकच ओळ उचलून CAPEX म्हणून घातली, तर शिलकी पैसा फंडात ठेवणारी कंपनी प्रचंड विस्तार करते आहे असं दिसतं. यंत्रसामग्रीच्या खरेदीची ओळ वेगळी उचला, फंडाची वेगळी.

दुसरा खड्डा २०१९-२० सालचा. इंड-एएस ११६ लागू झालं आणि भाडेकरार ताळेबंदात देणं म्हणून आले. त्या वर्षी ‘कर्ज’ उडी मारतं आणि कंपनीने एक रुपयाही उसना घेतलेला नसतो. कर्जाच्या फरकातून भाडेदेणी वगळा, नाहीतर किरकोळ विक्रीची साखळी ट्रेड-ऑफची लाडकी लेक वाटेल.

जुनाताळेबंद

आणि b एकच्या जवळ आला तरी पेकिंग ऑर्डर सिद्ध होत नाही. चिरिंको आणि सिंघा यांनी २००० मध्ये दाखवलं की कंपनी दरवेळी थोडे शेअर आणि बरंच कर्ज अशा ठरलेल्या प्रमाणात पैसा उभारत असेल, तरीही b चांगला मोठाच येतो. म्हणजे क्रम पाळला की नाही ते या चाचणीतून कळतच नाही. फ्रँक आणि गोयल यांनी २००३ मध्ये नमुना मोठा घेतला तर वेगळीच पंचाईत. ज्या लहान, वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांबद्दल बाहेरच्यांना सगळ्यात कमी माहिती असते, जिथे पेकिंग ऑर्डर सगळ्यात घट्ट बसायला हवी, त्याच शेअर विकताना दिसतात. मोठ्या, जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या कंपन्या क्रम पाळतात. सिद्धांताच्या कारणाशी हे उलटं आहे.

मृण्मयी_द

मग तुटीकडे बघून कळत नसेल तर काय बघायचं?

अपर्णा_टोरांटो

शिल्लक बघ. ज्या वर्षी मोठा खर्च नाही आणि पैसा उरतो, त्या वर्षी दोघांची भाकितं सगळ्यात स्वच्छ वेगळी पडतात. तुझ्या कंपनीत लाइन उभी राहिल्यावर पुढच्या वर्षी ११० च्या वर रोकड येईल. पेकिंग ऑर्डर म्हणते: कर्ज फेडा, उरलं तर फंडात. कर्जाची पातळी खाली. ट्रेड-ऑफ म्हणतो: लक्ष्याच्या खालीच आहोत, मग फेडायचं कशाला, भागधारकांना द्या. दोन-तीन अशी वर्षं बघितली तर कंपनी कुठल्या गोत्रातली ते कळतं. मुदतपूर्व फेड केली का, हे ताळेबंदाच्या टिपांमध्ये सापडतं.

ॲपलचं उदाहरण सगळे ट्रेड-ऑफसाठी देतात. एप्रिल २०१३ मध्ये १७ अब्ज डॉलरचे रोखे, हातात १४५ अब्जांच्या आसपास रोकड असताना, आणि तेही भागधारकांना पैसे परत करायला. घरचा पैसा असताना उसना घेतला, म्हणजे क्रम मोडला. पण त्यातली बरीच रोकड अमेरिकेबाहेर होती आणि ती आणायची तर तेव्हाच्या ३५ टक्के कराची झळ होती. म्हणजे ‘घरचा पैसा’ खरा घरचा नव्हताच. पेकिंग ऑर्डरवाला त्याला सहज आपल्यात ओढू शकतो.

किरण_सांगली

मग रिलायन्सचं काय? २०२० मध्ये चांगल्या नफ्यात असलेल्या कंपनीने ५३,१२४ कोटींचा राइट्स इश्यू काढला, १५ शेअरमागे एक, १,२५७ रुपयांना. पेकिंग ऑर्डरमध्ये सगळ्यात शेवटचा पर्याय, आणि तो आधी वापरला. तुमच्या दोन्ही सिद्धांतांना हे कसं बसतं?

जुनाताळेबंद

राइट्स वेगळा. माझ्या वरच्या उदाहरणात नुकसान झालं ते जुन्यांकडून नव्यांकडे मूल्य गेल्यामुळे. राइट्समध्ये विकणारे आणि घेणारे तेच लोक. सगळ्यांनी आपापला हिस्सा घेतला तर भाव कितीही कमी ठेवा, एका खिशातून दुसऱ्या खिशात. मायर्स-मज्लुफचा दात तिथे लागत नाही. तो लागतो क्यूआयपीत, जिथे बाहेरच्या संस्थांना शेअर जातात. म्हणून ‘कंपनीने शेअर काढले, पेकिंग ऑर्डर मोडली’ म्हणण्याआधी कुणाला विकले ते बघा.

अपर्णा_टोरांटो

हे थोडं सोयीचं होतंय. ज्यांनी हक्क विकले किंवा सोडले ते जुने भागधारक बाजाराच्या भावालाच बाहेर पडले ना? आणि पैसा नव्या प्रकल्पासाठी नव्हता, मार्च २०२० अखेरचं १,६१,०३५ कोटींचं निव्वळ कर्ज संपवण्याचं ठरलेलं होतं. कर्ज लक्ष्यापेक्षा जास्त झालं, शेअर काढून खाली आणलं, हा सरळ ट्रेड-ऑफ.

जुनाताळेबंद

सरळ ट्रेड-ऑफमध्ये लक्ष्य शून्य कसं? इतका नफा आणि इतका कर भरणाऱ्या कंपनीचं योग्य निव्वळ कर्ज शून्य, हे तुमच्या करलाभाच्या गणितातून काढून दाखवा.

प्रोवेस_पीडित

तिसरी शक्यता दोघं विसरताय: पुढे मोठा खर्च यायचा असेल तर कर्ज काढायची क्षमता मोकळी ठेवणं. ग्रॅहम आणि हार्वे यांनी २००१ मध्ये अमेरिकी वित्त प्रमुखांना विचारलं तेव्हा कर्ज ठरवताना आर्थिक लवचीकता सगळ्यात वर आली होती. मायर्सच्या मूळ मांडणीतही हे आहे: आज स्वतःच्या मर्जीने, बातमी फार वाईट नसताना शेअर काढा, म्हणजे उद्या अडचणीत काढावे लागणार नाहीत. मग तीच कृती पेकिंग ऑर्डरचीही ठरते. कुणाची बाजू धरायची ते तुम्ही ठरवा.

मृण्मयी_द

मी असं लिहिणार आहे: लाइनच्या वर्षी १६० घरचे आणि १०० कर्ज हेच जास्त शक्य, कारण लक्ष्य खरोखर वर असलं तरी कंपनी एका वर्षात तिथे उडी मारत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी दोन्ही सिद्धांत जवळजवळ सारखेच दिसतील. खरा फरक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, कर्ज फेडलं की पैसा वाटला यावर. लक्ष्य मी दीडपट धरलं, पण प्रवर्तकाचा हिस्सा ६० टक्के असेल तर ते खाली यायला हवं का, हे अजून ठरत नाहीये.

शाखा_क्रमांक_७

हिस्सा ६० टक्के आणि त्यातला किती तारण ठेवलेला आहे, तेही विचार.